काना की उर्दूतला आठ

माझ्या भाचीच्या फाइलमध्ये बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीचा कागद आहे. त्यावर एक ओळ आहे: मोनोकोरिऑनिक डायॲम्निऑटिक ट्विन्स, टी साइन दिसते. त्या दिवशी तो कागद घरातल्या सगळ्यांनी हातात घेतला. मीही घेतला. जुळं आहे एवढं कळलं आणि आम्ही पेढे आणले. पुढचे शब्द कुणी वाचले नाहीत, कारण ते कुणी समजावून सांगितले नव्हते. तपासणी झाली तिथे एवढंच म्हणाले की सगळं ठीक आहे, आता पाचव्या महिन्यात या.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. वाचून अर्थ लावणं हे माझं काम. त्या एका ओळीचा अर्थ मी सात आठवडे उशिरा लावला, म्हणून हे लिहिते आहे.

मराठीत आपण वार म्हणतो, उर्दूत आंवल. बाळ नाळेने वारेला जोडलेलं असतं आणि वार आईच्या गर्भाशयाला चिकटलेली असते. दोन वेगवेगळ्या बीजांची जुळी असतील तर प्रत्येकाची वार स्वतःची. पण एकाच बीजाचे दोन भाग होऊन एकसारखी जुळी होतात, तेव्हा हे भाग कधी झाले त्यावर पुढचं अवलंबून असतं. पहिल्या तीनेक दिवसांत झाले तर वारा दोन होतात. त्यानंतर, साधारण चौथ्या ते आठव्या दिवसात झाले, तर पाण्याच्या पिशव्या दोन पण वार एकच. मोनोकोरिऑनिक म्हणजे हेच, दोघांत मिळून एक वार. एकसारख्या जुळ्यांपैकी बहुतेकांची अशीच असते.

हे ओळखायची वेळ अकराव्या ते चौदाव्या आठवड्याची. दोन पिशव्यांच्या मधला पडदा वारेला कसा भिडतो ते डॉक्टर पाहतात. वार एकच असेल तर पडदा पातळ असतो आणि सरळ काटकोनात येऊन टेकतो. इंग्रजीत त्याला टी म्हणतात. मी मुलांना शिकवते तशी सांगायचं तर शिरोरेषेखाली लटकलेला काना. वारा दोन असतील तर पडद्याच्या बुडाशी वारेची जाड पाचर घुसलेली दिसते, वर निमुळती आणि खाली पसरलेली. डॉक्टर तिला ग्रीक अक्षरावरून लॅम्डा म्हणतात. उर्दूत आपण आठचा आकडा लिहितो, हुबेहूब तोच आकार. काना दिसला तर एक वार, उर्दूतला आठ दिसला तर दोन. पुढे महिने वाढतात तशी ही खूण पुसट होत जाते, म्हणून ती वेळेवरच पाहावी लागते.

आपल्याकडे ही खूण जास्त महत्त्वाची आहे, त्याला एक कारण आहे. एक मुलगा आणि एक मुलगी दिसली तर वारा दोनच, हे इतर देशांत सोनोग्राफीच्या पडद्यावरच समजतं. आपल्याकडे गर्भाचं लिंग सांगायला कायद्याने बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. त्यामुळे घरच्यांच्या हातात उरतो तो फक्त काना किंवा आठ. तो रिपोर्टमध्ये लिहिलेला असतो आणि आपण त्याच्याकडे न पाहता एकमेकांना विचारत बसतो की मुलगे असतील की मुली.

एका वारेत काय बिघडतं ते सांगते. अशा वारेच्या पृष्ठभागावर दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या पसरलेल्या असतात आणि त्या जवळपास नेहमीच कुठे ना कुठे एकमेकांना जोडलेल्या असतात. काही जोड दुतर्फा असतात, त्यांतून रक्त इकडूनही जातं आणि तिकडूनही येतं. काही जोड खोल असतात. तिथे एका बाळाची रोहिणी वारेत उतरते आणि तिचं रक्त दुसऱ्या बाळाच्या नीलेतून बाहेर पडतं. हा रस्ता एकेरी. बहुतेक जुळ्यांत येणंजाणं सारखं राहतं आणि काही होत नाही. पण शंभरातल्या दहा ते पंधरा जोड्यांत हा हिशेब बिघडतो. एक बाळ देत राहतं, दुसरं घेत राहतं. याला ट्विन टू ट्विन ट्रान्सफ्यूजन सिंड्रोम म्हणतात. डॉक्टर बोलताना टीटीटीएस म्हणतात.

भाचीचा नवरा चाकणला एका कारखान्यात हायड्रॉलिक प्रेसच्या मेंटेनन्सला आहे. पुढे पुण्यातल्या डॉक्टर मॅडमनी कागदावर हे चित्र काढलं तेव्हा मी अजून बाण मोजत होते. तो लगेच म्हणाला, "म्हणजे मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे. इकडून तेल जातंय आणि रिटर्न लाइनच नाही." मॅडम म्हणाल्या, "अगदी तसंच."

पण त्याआधीचे चार दिवस सांगायला हवेत.

एकोणिसावा आठवडा चालू असताना भाचीचं पोट आठ दिवसांत एकदम वाढलं. कातडी ताणून चकचकीत झाली, आडवं झालं की धाप लागायला लागली. तिची सास म्हणाली, "जुळं आहे, पोट वाढणारच." मीही मान डोलावली. हे चुकीचं होतं. जुळ्यांचं पोट मोठं असतं हे खरं, पण ते हळूहळू मोठं होतं. आठवड्याभरात घट्ट होऊन श्वास अडवणारं पोट म्हणजे एका पिशवीत पाणी भरत चाललं आहे. शुक्रवारी संध्याकाळी चाकणमध्येच सोनोग्राफी झाली. त्या डॉक्टरांनी फार वेळ लावला आणि बाहेर येऊन म्हणाले, "एका पिशवीत पाणी खूप आहे, दुसरीत जवळजवळ नाही. उद्याच पुण्याला फीटल मेडिसिनवाल्यांना दाखवा."

आम्ही उद्या गेलो नाही. शनिवारी जावयाची शिफ्ट होती, रविवारी डॉक्टर कुठे भेटणार असं आम्हीच ठरवलं, आणि मोशीपासून नाशिक फाट्यापर्यंतच्या ट्रॅफिकमध्ये तिला दोनदा नेण्यापेक्षा सोमवारी सगळे कागद घेऊन एकदाच जाऊ, असं मी म्हणाले. हो, मीच.

पाण्याचं मोजमाप कसं करतात ते आता मला पाठ आहे. प्रत्येक पिशवीत पाण्याचा सगळ्यात खोल कप्पा शोधतात आणि त्याची उभी खोली मोजतात. एकीकडे 2 सेंटिमीटरपेक्षा कमी आणि दुसरीकडे 8 पेक्षा जास्त, असं दोन्ही एकाच वेळी असलं तर हा आजार. विसाव्या आठवड्यानंतर बरेच डॉक्टर 8 ऐवजी 10 धरतात. शुक्रवारच्या कागदावर एकीकडे 1 होतं, दुसरीकडे 11.

पाणीच का मोजायचं? कारण या महिन्यांत पिशवीतलं पाणी म्हणजे मुख्यतः बाळाची लघवी असते. देणाऱ्या बाळाचं रक्त कमी होतं, तेव्हा त्याचं शरीर पाणी धरून ठेवतं आणि लघवी जवळजवळ थांबते. पिशवी आटते, पडदा त्याच्या अंगाला चिकटतो आणि ते भिंतीला गुंडाळून ठेवल्यासारखं एका जागी अडकून राहतं. घेणाऱ्याच्या अंगात रक्त जास्त होतं, ते सारखी लघवी करतं आणि त्याची पिशवी फुगत जाते.

मला वाटलं होतं की धोका फक्त आटलेल्या बाळाला आहे. एक उपाशी आणि एक पोटभर, असं चित्र मी मनात काढलं होतं. मॅडमनी ते खोडलं. घेणाऱ्याच्या हृदयाला रोज क्षमतेपेक्षा जास्त रक्त ढकलावं लागतं. शिवाय देणाऱ्याचं शरीर रक्तदाब सावरायला जी हार्मोन्स सोडतं, तीही त्याच जोडांतून घेणाऱ्याकडे जातात आणि त्याचा आधीच जास्त असलेला दाब आणखी चढवतात. त्याचं हृदय जाड होतं, थकतं, आणि शेवटी अंगावर सूज येते. एक कमी पडून मरतं आणि दुसरं जास्त होऊन. त्यातच पाण्याच्या ताणाने आईला वेळेआधी कळा येतात किंवा पाणी फुटतं, आणि विसाव्या आठवड्याला बाहेर आलेलं बाळ जगत नाही. म्हणून वाढलेल्या टीटीटीएसला काहीच केलं नाही तर बहुतेकदा दोन्ही बाळं जातात.

आजार किती पुढे गेला आहे ते पाच पायऱ्यांत सांगतात. अमेरिकेतले डॉक्टर रुबेन क्विंटेरो यांनी 1999 मध्ये या पायऱ्या मांडल्या. पहिलीत पाण्याचा फरक असतो, पण देणाऱ्याचं मूत्राशय भरलेलं दिसतं. दुसरीत ते दिसत नाही, तपासणी चालू असेपर्यंत वाट पाहिली तरी भरत नाही. तिसरीत डॉप्लरमध्ये रक्तप्रवाह बिघडलेला दिसतो, उदाहरणार्थ देणाऱ्याच्या नाळेत दोन ठोक्यांच्या मध्ये रक्त पुढे जायचंच थांबतं. चौथीत अंगावर सूज असते, बहुतेक घेणाऱ्याच्या. पाचवीत दोघांपैकी एक किंवा दोघंही गेलेले असतात.

पायऱ्या म्हटलं की आपल्याला वाटतं एकेक चढायला वेळ लागेल. तसा नियम नाही. पहिल्या पायरीवरच्या बऱ्याच जोड्या तिथेच थांबतात, काही आपोआप सुधारतात. म्हणून तिथे आईला त्रास नसेल आणि गर्भाशयाचं तोंड लांब असेल तर डॉक्टर ऑपरेशन न करता दर आठवड्याला, कधी त्याहून लवकर, पाहत राहतात. उलट काही जोड्या दोन दिवसांत दोन पायऱ्या चढतात. शुक्रवारी भाचीच्या कागदावर लिहिलं होतं की मूत्राशय दिसत नाही, डॉप्लर ठीक. म्हणजे दुसरी पायरी. सोमवारी पुण्यात देणाऱ्याच्या नाळेतला तो मधला प्रवाह नव्हता. तिसरी.

मॅडमनी तीन रस्ते सांगितले. काही न करणं, म्हणजे काय होईल ते वर लिहिलंच आहे. दुसरा, फुगलेल्या पिशवीतलं पाणी सुईने काढणं. तिसरा लेझर.

जावयाने विचारलं, "पाणी काढलं तर ताण जाईल ना?" जाईल, मॅडम म्हणाल्या, पण पाणी परत भरेल. मग त्याच्याच भाषेत म्हणाल्या, "टाकी उतू जातेय म्हणून तुम्ही तेल उपसाल की लाइन बंद कराल?" या दोन उपचारांची युरोपात समोरासमोर तुलना झाली होती. 2004 मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात 142 स्त्रिया होत्या. लेझर केलेल्यांत निदान एक बाळ जन्मानंतर 28 दिवस जगलं असं 76 टक्के वेळा झालं, पाणी काढलेल्यांत 56 टक्के. जगलेल्या बाळांच्या मेंदूला इजाही लेझरमध्ये कमी दिसली. फरक इतका स्पष्ट होता की तो अभ्यास मध्येच थांबवला गेला. तेव्हापासून सोळाव्या ते सव्विसाव्या आठवड्यात दुसऱ्या पायरीपासून पुढे लेझरच आधी सुचवतात.

आणि एक गोष्ट मॅडमनी सावकाश, भाचीकडे बघत सांगितली. जोड उघडे असताना एक बाळ गेलं, तर त्याच्या शरीरातला दाब शून्य होतो आणि जिवंत बाळाचं रक्त त्या जोडांतून तिकडे ओतलं जातं, काही मिनिटांत. त्यात दुसरंही जाऊ शकतं, किंवा जगतं पण मेंदूला इजा होते. "लेझर दोघांना वाचवायलाच करतो," त्या म्हणाल्या, "पण दोघं वाचतीलच असं मी म्हणणार नाही. एक गेलंच, तर त्याने दुसऱ्याला सोबत नेऊ नये, हेही लेझरचं काम आहे."

घरात त्या रात्री फोनवर बरंच बोलणं झालं. कुणी म्हणालं, अल्लाहची मर्जी असेल ते होईल, पोटातल्या बाळांना हात कशाला लावायचा. भाची स्वतः म्हणाली, "खाला, हे पाडणं नाही ना?" मी म्हणाले, नाही. बाळांना हातच लावत नाहीत, वारेवरच्या नळ्या बंद करतात. तिने एवढंच विचारलं आणि सही केली.

ऑपरेशन मंगळवारी झालं. कमरेखालचा भाग बधिर केला, ती जागी होती. पोटावर काही मिलिमीटरचं छिद्र. त्यातून फुगलेल्या पिशवीत एक बारीक दुर्बीण गेली, साधारण पेनाच्या रिफिलएवढी, आणि तिच्यातून केसांच्या काही पदरांइतकी लेझरची तार. दुर्बिणीतून वारेचा पृष्ठभाग दिसतो. तिथे रोहिण्या गडद दिसतात आणि नीला उजळ, आपल्या शरीरात असतं त्याच्या उलट, कारण बाळाकडून वारेकडे येणारं रक्त प्राणवायू देऊन संपलेलं असतं. डॉक्टर एकेक वाहिनी तिच्या नाळेपासून धरून पुढे जातात आणि ती दुसऱ्या बाळाच्या वाहिनीला कुठे भेटते ते पाहतात. त्या जागेवर लेझर मारला की ती पांढरी पडून मिटते. सगळे जोड झाल्यावर ते ठिपके जोडत वारेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग रेघ ओढतात, म्हणजे डोळ्याला न दिसलेला एखादा बारीक जोड उरू नये. तो उरला तर आजार परततो, किंवा थेंब थेंब रक्त जाऊन एक बाळ पांढरंफटक आणि दुसरं लालभडक होतं. शेवटी त्याच वाटेने जास्तीचं पाणी काढलं. भाची नंतर म्हणाली, पाणी उतरत गेलं तसा किती दिवसांनी पूर्ण श्वास आला.

वार एक होती ती एकच राहिली. फक्त आता तिच्यावर भिंत झाली, एक हिस्सा याचा आणि एक त्याचा. आणि इथेच लेझरची मर्यादा आहे. वाटणी सारखी होत नाही. ज्याच्या वाट्याला वारेचा लहान तुकडा येतो, त्याला त्याच्यावरच भागवावं लागतं.

बुधवारी दोघांचे ठोके होते. गुरुवारी देणाऱ्याचे नव्हते. त्याचा हिस्सा फार लहान होता, मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी दुसऱ्या बाळाच्या मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीतला प्रवाह मोजला. त्याचं रक्त कमी झालं असतं तर तिथला वेग वाढलेला दिसला असता. वेग नेहमीचा होता. म्हणजे जोड खरोखर मिटले होते आणि एक गेल्यावर दुसऱ्याचं काही ओतलं गेलं नव्हतं. भाची रडत होती आणि जावई पडद्यावरच्या त्या आकड्याकडे बघत होता. मला तेव्हा कळलं की लेझर कशासाठी असतो.

मी मॅडमना एकटीने विचारलं की शनिवारी आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, हिस्सा तेवढाच राहिला असता, पण प्रवाह थांबायच्या आधी केलेलं बरं असतं, आणि यापलीकडे कुणीच सांगू शकणार नाही. मी हे उत्तर तसंच ठेवलं आहे.

तेहतिसाव्या आठवड्यात पाणी फुटलं. लेझरनंतर बाळंतपण बहुतेक वेळा असं लवकरच होतं. मुलगा झाला, 1 किलो 800 ग्रॅमचा. तीन आठवडे काचेत होता. त्याच्या हृदयाचे इको झाले, कारण घेणाऱ्याच्या हृदयावर ताणाची खूण राहू शकते. त्याचं ठीक निघालं. दुसराही त्याच्यासोबत बाहेर आला, तळहाताएवढा. मौलानांना विचारून त्याचं नाव ठेवलं आणि पांढऱ्या कपड्यात गुंडाळून कब्रस्तानात दफन केलं. जावयानेच उतरवलं.

त्या फाइलमधली बाराव्या आठवड्याची ओळ मी आता परत वाचते. त्या दिवशी आम्हाला एवढंच सांगायला हवं होतं की वार एक आहे, म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी दोन्ही पिशव्यांतलं पाणी आणि दोघांचं मूत्राशय पाहायला या. पाचव्या महिन्यापर्यंत थांबायचं नव्हतं. ते कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या आईला गेल्या महिन्यात जुळं असल्याचं कळलं. ती पेढे घेऊन आली. मी पेढा घेतला आणि विचारलं, "रिपोर्ट आणलाय का? वार एक आहे की दोन?"